स्क्रीनशॉटआधीची आवराआवर

संगणक शिकवणाऱ्या एखाद्या पुस्तिकेतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. पाठ आहे बेरीज कशी करायची याचा. चित्रात हिशोबाची विंडो आहे खरी, पण तिच्यामागून धबधब्याचा फोटो डोकावतोय. डाव्या बाजूला ‘पॅन_बाबा’, ‘भाडेकरार फायनल फायनल’, ‘New folder (7)’ अशी आयकॉनची रांग उभी आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात कुणाचा तरी निरोप आलाय, ‘जेवायला येतोयस ना?’ शिकणारा माणूस आधी काय वाचेल? बेरजेचं सूत्र नक्कीच नाही.

ज्याला संगणक येतो त्याला ही अडचण कळतच नाही. सवयीमुळे त्याची नजर नको ते आपोआप गाळते. नवशिक्याला मात्र पडद्यावरची प्रत्येक गोष्ट सारख्याच महत्त्वाची वाटते. धबधबा हा पाठाचा भाग नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘माझ्याकडे ती पिवळी फाइल दिसत नाही, मग पुढे कसं जायचं?’ हा प्रश्न संगणकाच्या वर्गात खरोखर विचारला जातो, आणि चूक विचारणाऱ्याची नसते.

उदाहरण म्हणून एक काम घेऊ. महिला बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या सदस्यांसाठी लिब्रेऑफिस कॅल्कवरची छोटी पुस्तिका करायची आहे. संगणक विंडोज ११ चा आहे, पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा. पुस्तिका ए-फाइव्ह आकाराची, काळ्या-पांढऱ्यात छापायची आणि पुढे गावोगाव तिच्या झेरॉक्स निघणार. हे शेवटचं लक्षात ठेवायचं, कारण बरेचसे निर्णय त्यावरूनच होतात.

आधी आयकॉन. ते डिलीट करायचे नाहीत आणि घाईघाईने एका फोल्डरमध्येही कोंबायचे नाहीत. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून View मध्ये Show desktop icons समोरची खूण काढली की सगळे आयकॉन अदृश्य होतात. फाइली जागच्या जागी राहतात, फक्त दिसत नाहीत. खूण पुन्हा केली की परत येतात. सोपं आहे, तरी लोक आयकॉन ओढून ओढून बाजूला करतात आणि पुढचे दोन दिवस आपल्याच फाइली शोधत बसतात.

खाली टास्कबारवरही बरंच काही असतं. त्यात सगळ्यात फसवं ते घड्याळ. पहिल्या पायरीच्या चित्रात दुपारचे ४:५० आणि दुसऱ्या पायरीच्या चित्रात सकाळचे १०:१५ वाजलेले असतील, तर चित्रं सलग घेतलेली नाहीत हे वाचकाला लगेच कळतं. टास्कबार आपोआप लपण्याची सोय Settings मध्ये Personalization, तिथे Taskbar, आणि त्यातल्या Taskbar behaviors मध्ये आहे. पण हा नियम सरसकट लावू नका. मराठी कीबोर्ड कसा बदलायचा हे शिकवायचं असेल, तर टास्कबारवरची भाषेची खूण हाच पाठाचा विषय असतो, आणि तीच झाकली तर चित्राचा उपयोग शून्य. पाठात ज्याचं नाव येतं ते दिसलं पाहिजे, बाकीचं गेलं तरी चालेल. निरोप अडवण्यासाठी विंडोज ११ मध्ये Do not disturb आहे. विंडोज १० मध्ये त्याच कामाच्या सोयीचं नाव Focus assist असं होतं.

याहून चांगला मार्ग म्हणजे चित्रांसाठी संगणकावर वेगळं अकाउंट उघडणं. आयकॉन लपवले तरी तुमच्या वावराच्या खुणा इतर ठिकाणी शिल्लक असतात. फाइल उघडायला गेलं की नुकत्याच वापरलेल्या फाइलींची यादी समोर येते. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाइप केलं की तुमच्या बँकेचं नाव पुढे सरसावतं. फोल्डरच्या पत्त्यात तुमचं नाव असतं. नव्या अकाउंटला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला Shikavani असं कुणाचंच नसलेलं नाव द्यावं, म्हणजे C:\Users\Shikavani एवढाच पत्ता दिसेल. मात्र नव्या अकाउंटचा डेस्कटॉप अगदी कोरा असेल असं समजू नका. काही सॉफ्टवेअर आपला शॉर्टकट सगळ्या अकाउंटांसाठी सामाईक असलेल्या C:\Users\Public\Desktop या फोल्डरमध्ये टाकतात, आणि तो इथेही हजर होतो. म्हणून आयकॉन लपवण्याची पायरी इथेही चुकत नाही.

‘एवढा खटाटोप कशाला, नको तो भाग नंतर कापून टाकू,’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कापलेला भाग गेला असं दरवेळी नसतं. मार्च २०२३ मध्ये एक दोष उघडकीला आला होता. विंडोज ११ च्या Snipping Tool मध्ये चित्र कापून त्याच नावाने सेव्ह केलं, तर फाइलच्या शेवटी जुन्या चित्राचा काही मजकूर तसाच उरायचा, आणि त्यातून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत मिळवता यायचा. विंडोज १० च्या Snip & Sketch मध्येही तेच होतं. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये असाच दोष सापडला, त्यानंतर विंडोजकडे लक्ष गेलं. त्याच महिन्यात दुरुस्ती आली. तो दोष आता इतिहासजमा झाला, पण वर्डमधली गोष्ट आजही तशीच आहे. वर्डमध्ये चित्र कापलं की कापलेला भाग फक्त झाकला जातो. Compress Pictures मध्ये जाऊन Delete cropped areas of pictures सांगितल्याशिवाय तो फाइलमधून जात नाही. अशी फाइल कुणाला ईमेलने पाठवली, की पलीकडचा माणूस चित्राची कड ओढून तुमचा अख्खा डेस्कटॉप पाहू शकतो. जे चित्रात आलंच नाही ते मागाहून पुसावं लागत नाही. म्हणून आवराआवर आधी.

हिशोबाच्या तक्त्यालाही हेच लागू. गटाचं खरं रजिस्टर समोर आहे म्हणून तेच उघडायचं नाही. कुणाचं किती कर्ज थकलंय हे छापील पुस्तिकेतून गावभर व्हायला नको. सहा काल्पनिक सदस्यांचा तक्ता करायचा. सुनीता, मंगल, रुक्साना अशी नुसती नावं, आडनावं नाहीत. प्रत्येकीची वर्गणी २०० रुपये, सी-२ पासून सी-७ पर्यंतच्या घरांत. सी-८ मध्ये =SUM(C2:C7) लिहिलं की १२०० येतात. वाचणारीला ही बेरीज तोंडी करता येते. त्यामुळे संगणकाने बरोबर केलं की नाही हे तिचं तीच ताडून पाहू शकते. हाच तक्ता पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत ठेवायचा. मध्येच वेगळे आकडे आले की वाचणारी पान उलटून मागे जाते.

आता वॉलपेपर. विंडोज एक्सपीचं हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असलेलं ते प्रसिद्ध चित्र चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढलेला खरा फोटो आहे. त्या काळच्या असंख्य पुस्तिकांमध्ये प्रत्येक विंडोमागे तो दिसायचा. निदान तो सगळीकडे एकच असायचा. आता वॉलपेपर स्वतःच रोज बदलू शकतो. Windows spotlight चालू असेल तर सोमवारी हिमशिखर, मंगळवारी समुद्र. आठवडाभर काढलेली चित्रं शेजारीशेजारी ठेवली तर ती वेगवेगळ्या संगणकांवरची वाटतात.

कुणी म्हणेल, मी फक्त विंडोचंच चित्र घेतो, Alt आणि PrtSc दाबून; मग मागे काय आहे याने काय फरक पडतो? विंडोज ११ मध्ये पडतो. एक तर विंडोचे कोपरे गोल आहेत, आणि चित्र मात्र चौकोनीच येतं. त्या चार कोपऱ्यांतून मागचा रंग डोकावतो. फोटो असेल तर एका कोपऱ्यात हिरवं, दुसऱ्यात निळं. दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही. विंडोज ११ मध्ये ‘मायका’ नावाची सजावट आहे, आणि ती Settings किंवा Notepad सारख्या विंडोच्या वरच्या पट्टीत वॉलपेपरच्या रंगाची पुसटशी झाक उतरवते. लालसर वॉलपेपर असेल तर पट्टी किंचित गुलाबी, निळा असेल तर निळसर. शिवाय Accent color हा Automatic वर असेल, तर बटणांचा आणि निवडलेल्या ओळींचा रंगही वॉलपेपरवरूनच ठरतो. म्हणजे विंडोमागचं चित्र विंडोच्या आतही उतरतं. रंगीत पुस्तिकेत एका पानावर जांभळं बटण आणि पुढच्या पानावर नारिंगी दिसलं, की ‘जांभळं बटण दाबा’ असं लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

उपाय तीन क्लिकचा आहे. Personalization मध्ये Background, तिथे Solid color. मग Colors मध्ये जाऊन Transparency effects बंद करायचं आणि Accent color स्वतः निवडायचा. रंग कोणता? पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या पाठासाठी फिकट राखाडी उत्तम, उदाहरणार्थ #C8C8C8. अगदी पांढरा घेतला तर पांढरी विंडो कुठे संपते ते कळत नाही. काळा घेतला तर सगळी नजर काळ्या कडेकडे जाते. झेरॉक्ससाठी मात्र मी पांढराच घेईन. छपाईत राखाडी रंग बारीक ठिपक्यांनी उमटतो, आणि झेरॉक्सची झेरॉक्स निघाली की तिथे डाग पडल्यासारखं दिसतं. विंडोची कड हरवू नये म्हणून पानावर चित्र लावताना त्याला अर्ध्या पॉइंटची काळी चौकट द्यायची. आमच्या पुस्तिकेसाठी पांढरा पक्का. ऑफिसात राखाडी पार्श्वभूमीचीच सवय असेल तर निदान एक पान झेरॉक्स करून बघा.

सपाट रंगाचा आणखी एक फायदा फाइलच्या आकारात दिसतो. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवायचे असतात, कारण जेपेगमध्ये अक्षरांच्या कडांभोवती धुरकट ठिपके येतात. पीएनजीला एकाच रंगाचे सलग पट्टे फार थोड्या जागेत बसवता येतात, फोटो बसवता येत नाही.

इथवरची कामं बहुतेकांना सुचतात. विंडोच्या आकाराचा विचार मात्र फार थोडे लोक करतात, आणि पुस्तिका वाचता येणार की नाही हे नेमकं त्यावर ठरतं.

हिशोब पानापासून सुरू करायचा. ए-फाइव्ह पान १४८ मिलिमीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडला की चित्राला ११८ मिलिमीटर उरतात. आता विंडो घ्या १०२४ पिक्सेल रुंद. विंडोजच्या मूळ मापाने एका इंचात ९६ पिक्सेल, म्हणजे ही विंडो २७१ मिलिमीटरची झाली. ती ११८ मध्ये बसवायची तर ४४ टक्क्यांवर आणावी लागते. विंडोजच्या मेनूतली अक्षरं मुळात ९ पॉइंटची. ४४ टक्क्यांवर ती चार पॉइंटच्याही खाली जातात. पुस्तिकेचा मजकूर १२ पॉइंटचा आणि चित्रातला चारचा. मेनू मराठीत असेल तर वेलांट्या आणि रफार झेरॉक्समध्ये बुजूनच जातील.

मग विंडो अरुंद का करू नये? करता येते, पण एका हद्दीपर्यंतच. कॅल्कची विंडो फार अरुंद केली की वरच्या पट्टीतली बटणं मावत नाहीत आणि टोकाच्या » या खुणेमागे लपतात. पाठात लिहिलंय ‘हे बटण दाबा’, आणि चित्रात ते बटणच नाही. वर्डमध्ये बटणांची नावं गळतात, पुढे अख्खा गट एका बटणात मिटतो. वेबसाइट तर मोबाइलचं रूप घेते आणि मेनू तीन आडव्या रेघांत गुंडाळला जातो. म्हणून आधी पाठात ज्यांची नावं येणार आहेत ती सगळी बटणं दिसतील अशी सर्वांत कमी रुंदी शोधायची. आपल्या कामासाठी ती १०२४ धरू, उंची ६४०.

चार पॉइंटचा प्रश्न तरीही उरतोच. त्यावरची तोड अशी की पूर्ण विंडो प्रकरणात एकदाच दाखवायची, कुठे काय आहे हे कळण्यापुरती. पुढची सगळी चित्रं विंडोतले तुकडे, आणि प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ६२० पिक्सेल रुंद. ६२० पिक्सेल म्हणजे १६४ मिलिमीटर. ते ११८ मध्ये बसवायला ७२ टक्के पुरतात, आणि अक्षरं साडेसहा पॉइंटची येतात. चष्मा लावून वाचता येतील अशी. छोटा डायलॉग बॉक्स ४०० पिक्सेलचा असेल तर तोही ७२ टक्क्यांवरच ठेवायचा, म्हणजे पानावर तो ७६ मिलिमीटर होईल आणि बाजूला मोकळी जागा राहील. ती जागा भरून काढण्याचा मोह आवरा. चित्र पानभर ताणलं की त्यातली अक्षरं अचानक मोठी होतात. मग एका पानावर ठेंगणा मेनू, दुसऱ्या पानावर धिप्पाड डायलॉग बॉक्स, आणि दोन्ही एकाच पडद्यावरचे आहेत यावर नवशिक्याचा विश्वास बसत नाही. सारखी रुंदी महत्त्वाची नाही, सारखी टक्केवारी महत्त्वाची. लिब्रेऑफिस रायटरमध्ये चित्राच्या Crop या भागात Scale खाली टक्के लिहिता येतात. वर्डमध्ये ते Size मध्ये आहेत.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. Display मधलं Scale १०० वरून १५० टक्के केलं की छापील अक्षर मोठं होईल, असं वाटतं. होत नाही. अक्षरांबरोबर बटणंही दीडपट होतात, त्यामुळे तोच भाग दाखवायला विंडोही दीडपट मोठी करावी लागते, आणि पानावर बसवताना सगळं पुन्हा तितकंच आक्रसतं. मिळतो तो रेखीवपणा. ६२० पिक्सेलचा तुकडा ११८ मिलिमीटरवर पसरला की इंचाला सुमारे १३३ पिक्सेल येतात, आणि छपाईत अक्षरं जराशी मऊ दिसतात. १५० टक्क्यांवर तोच तुकडा ९३० पिक्सेलचा होतो आणि इंचाला २०० पडतात. एवढ्याने कडा स्वच्छ येतात. त्यामुळे Scale १५० ठेवून विंडो १५३६ बाय ९६० करायची. १९२० च्या पडद्यावर ती मावते. पानावर बसवताना टक्केवारीही दीडने भागायची, म्हणजे ७२ च्या जागी ४८. तक्त्याचा स्वतःचा झूम, कॅल्कच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला, १०० वरच राहू द्यायचा. चुकून माउसचं चाक Ctrl सोबत फिरलं की तो बदलतो, आणि ते पटकन लक्षात येत नाही.

दरवेळी विंडो कड धरून ओढली तर आकार कधीच सारखा येत नाही. काहीही बसवायचं नसेल तर सोपी युक्ती म्हणजे Win आणि डावा बाण दाबणं. विंडो बरोबर अर्धा पडदा व्यापते, दरवेळी तेवढाच. दुसरी युक्ती, पडद्याचं रिझोल्यूशनच कमी करून विंडो मॅक्सिमाइझ करायची. आपल्याला पडदा धूसर दिसतो, पण चित्र धूसर येत नाही, कारण स्क्रीनशॉट काचेवरून नव्हे तर संगणकाच्या मेमरीतून घेतला जातो. हे करण्याआधी डेस्कटॉपवरच्या आयकॉनची मांडणी आठवणीत ठेवा, कारण रिझोल्यूशन बदललं की ती बहुधा विस्कटते. वेगळं अकाउंट असेल तर ही काळजी नाही.

हवा तो नेमका आकार पाहिजे असेल तर ऑटोहॉटकी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एकच ओळ लिहायची:

```
^!w::WinMove 100, 40, 1536, 960, "A"
```

यानंतर Ctrl, Alt आणि W एकत्र दाबलं की समोरची विंडो पडद्यावर ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकाराची होते. चित्राची मापं पाहिली तर ती १५३६ पेक्षा थोडी कमी भरतील. विंडोच्या डाव्या, उजव्या आणि खालच्या कडेला काही पिक्सेलची न दिसणारी पट्टी असते, तीही मापात धरलेली असते. दरवेळी तेवढंच कमी येत असेल तर काळजीचं कारण नाही. जागा पक्की असल्याचा फायदा पाठ पडद्यावर दाखवताना कळतो. दोन चित्रं एकामागून एक पाहिली तर विंडो उडी मारत नाही, फक्त बदललेली गोष्ट बदलते.

सगळी चित्रं काढून झाली की फाइल एक्सप्लोररमध्ये Details पद्धतीने यादी उघडा आणि Dimensions हा रकाना जोडा. पूर्ण विंडोच्या चित्रांत एखादं माप वेगळं असेल तर तिथेच दिसतं, डोळे ताणावे लागत नाहीत. त्याच फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलीत वॉलपेपरचा रंग, Scale, विंडोचा आकार, तुकड्यांची टक्केवारी, लाइट की डार्क थीम आणि लिब्रेऑफिसची आवृत्ती एवढं लिहून ठेवा. वर्षभराने कॅल्कची नवी आवृत्ती येईल, एखादा डायलॉग बॉक्स बदलेल आणि मधलंच एक चित्र पुन्हा काढावं लागेल. ही नोंद नसेल तर ते एकच चित्र सगळ्या पुस्तिकेत उपरं दिसतं.

पण सगळी चित्रं काढण्याच्या आधी एक पान करून पाहायला हवं. पूर्ण विंडोचं एक आणि तुकड्याचं एक चित्र त्यावर लावायचं, छापायचं, त्याची झेरॉक्स काढायची आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. ती गटातल्या हिशोबनीस बाईंना द्यायची आणि विचारायचं, ‘ताई, वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते वाचता का?’ त्यांनी कागद नाकाजवळ नेला, तर तुकडे ६२० ऐवजी ५०० पिक्सेलचे घ्यायचे आणि टक्केवारी पुन्हा काढायची.